vktksck

दुपारी जेवण झाल्यावर कुलवृत्तांत उघडून बसले होते. पीडीएफ आहे, शंभरेक पानांची, आणि दिसते अगदी छान. सांगलीच्या चुलतबहिणीला आजोबांबद्दलचं एक वाक्य पाठवायचं होतं. ओळ निवडली, कॉपी केली, व्हॉट्सॲपात चिकटवली आणि पाठवूनही दिली. चष्मा वर सरकवून पाहते तर तिथे हे:

```
vktksck iq.;kr vkys
```

बहिणीचा लगेच उलट प्रश्न, "फोन पिल्लूच्या हातात आहे का?"

आमच्या घरात पिल्लू नाही. पण ही भाषा माझ्या ओळखीची आहे. ऐंशीच्या दशकात आत्या टायपिंगच्या क्लासला जायची, आणि घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर बोटांनीच सराव करायची. मशीन नाही, कागद नाही, नुसता टक-टक आवाज. मी समोर पाढे लिहीत असायचे. एकदा विचारलं, "आत्या, 'कि' लिहिताना तू वेलांटी आधी का मारतेस?" ती म्हणाली, "डोळ्यांना आधी काय दिसतं? वेलांटी. मग बोटही आधी तिथेच जाणार." शाळेत बाई सांगायच्या की आधी क, मग त्याची पहिली वेलांटी. मला तेव्हा आत्याचंच पटलं होतं, आणि बाईंना तसं सांगितल्यावर काय झालं ते जाऊ दे.

वरच्या ओळीतही आत्याच बसलेली आहे. कृतिदेव फॉन्ट टाइपरायटरच्या वळणाचा. संगणकाच्या लेखी तिथे मराठी नाहीच, साधी इंग्रजी अक्षरं आहेत. `i` हे अक्षर आलं की प काढायचा, `q` आला की खाली उकार, टिंब आलं की अर्धा ण, अर्धविराम म्हणजे य, `k` म्हणजे काना आणि `r` म्हणजे त. झालं पुण्यात. 'किती' हा शब्द `fdrh` असा पडतो. पहिली वेलांटी `f` आधी आणि दुसरी वेलांटी `h` शेवटी, आत्याच्या बोटांच्या क्रमाने. पीडीएफ आपल्याबरोबर फॉन्टचा पोशाख घेऊन येते, म्हणून पानावर आजोबा आजोबांसारखे दिसतात. कॉपी करताना पोशाख मागे राहतो आणि नुसती इंग्रजी अक्षरं आपल्या हाती लागतात. युनिकोडमध्ये प हा प म्हणूनच साठवला जातो, पण आमच्या कुलवृत्तांताचं टायपिंग जुन्या सवयीच्या माणसाने केलं होतं.

याचा एक फायदाही कळला. त्या फाइलमध्ये 'आजोबा' शोधलं तर काहीच सापडत नाही. `vktksck` शोधलं तर मात्र अकरा ठिकाणी सापडतात. आता मला आमचं आडनावही त्या लिपीत पाठ झालंय, पण ते इथे लिहीत नाही.

फाइल पाठवणारा आमचा दादा. त्याला मी आधी काय विचारलं, तर "दादा, फाइल बिघडलीय, परत पाठव." ही माझी चूक. त्याने तीच फाइल परत पाठवली. मग विचारलं, "युनिकोडमध्ये आहे का?" तो म्हणाला, "मराठीत आहे." मग, "फॉन्ट कोणता?" तर म्हणे, "मोठा आहे, आईला वाचता येतो." दादाचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या पडद्यावर सगळं शुद्ध मराठी होतं, आणि मला काय दिसतंय ते मी त्याला दाखवलंच नव्हतं.

निम्मं उत्तर तर फाइलमध्येच होतं. अॅक्रोबॅट रीडरमध्ये Ctrl+D दाबलं की एक खिडकी उघडते, तिच्यात Fonts नावाचा एक कप्पा असतो. तिथे `KrutiDev010` लिहिलेलं होतं. नाव दिसलं नसतं तरी संशय आला असता, कारण दर दोन ओळींनी `vkf.k` येत होतं, म्हणजे 'आणि'. आणि एकच अक्षर दर वेळी त्याच चिन्हाने पडत होतं. असा नेम असेल तर जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा परिवर्तक चालतो, फक्त तो त्याच फॉन्टचा हवा, कारण पुण्यातल्याच श्रीलिपीची जुळणी निराळी आणि कृतिदेवची निराळी. नुसते चौकोन आले, किंवा त्याच अक्षराला इथे एक आणि तिथे दुसरं चिन्ह आलं, तर प्रकरण वेगळं. कोणतं चित्र म्हणजे कोणतं अक्षर, हे सांगणारा तक्ताच तेव्हा पीडीएफमध्ये नसतो किंवा चुकीचा असतो, आणि परिवर्तकाला धरायला काहीच मिळत नाही.

माझ्याकडे नेम होता. म्हणून एक पान परिवर्तकातून काढलं. आजोबा आले, पुणे आलं, वेलांट्या आपापल्या जागी बसल्या. मग काकांच्या नावापुढे आलं 'ठण्।ण्'. मी बराच वेळ त्याकडे बघत बसले. घराण्यातली ही कोणती उपाधी? मूळ पानावर पाहिलं तर तिथे इंग्रजीत B.A. होतं. परिवर्तकाला बिचाऱ्याला काय माहीत, कुठला B हा ठ आहे आणि कुठला खरोखरच B आहे. कॉपी करताना फॉन्टची नावं गळून जातात, नुसती अक्षरं उरतात. आमच्या कुलवृत्तांतात पदव्या भरपूर, त्यामुळे पानोपानी ठण्।ण्.

हे बघितल्यावर दादाला काय मागायचं ते कळलं. पीडीएफ नाही, तर ती ज्यातून झाली ती फाइल. तिच्यात कुठल्या शब्दाला कुठला फॉन्ट लावलाय ते नोंदलेलं असतं. म्हणून संध्याकाळी त्याला लिहिलं:

"दादा, कुलवृत्तांत टाइप करणाऱ्यांना एवढं विचारशील? मूळ फाइल वर्डमध्ये होती की पेजमेकरमध्ये? पीडीएफ नको, ती मूळ फाइलच हवी, ईमेलने. फॉन्ट कृतिदेव दिसतोय, तोच आहे ना, आणि मथळ्यांना दुसरा वापरलाय का? मला काय दिसतं ते खाली चिकटवते, आणि त्याच ओळीचा फोटोही जोडते."

ओळ आणि फोटो शेजारी शेजारी गेल्यावर दादाचा फोन आला, "अगं, हे असं दिसतंय होय तुला?" टायपिंगवाल्यांनी तर ओळ बघूनच फॉन्ट सांगितला म्हणे. फाइल वर्डची निघाली. त्यांच्याकडे मजकूर चित्ररूपाने जपलेला असता, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा करून टाकलेल्या असत्या, तर मात्र सगळं पुन्हा टाइप करणं किंवा चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला शरण जाणं, एवढंच उरलं असतं.

वर्डमध्ये काकांच्या नावावर क्लिक केलं तर वर फॉन्टचं नाव `Kruti Dev 010`, आणि पदवीवर क्लिक केलं तर `Times New Roman`. म्हणजे शोध-बदल वापरून कृतिदेवातला मजकूर तेवढा वेगळा काढता येतो आणि B.A. ला हातही लागत नाही. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. काही रफार चुकीच्या अक्षरावर जाऊन बसले होते, ते हाताने हलवावे लागले.

तिसऱ्या दिवशी ओळ सांगलीला पाठवली, खणखणीत युनिकोडमध्ये: आजोबा पुण्यात आले.

बहिणीचं उत्तर आलं, "हे माहीतच होतं गं. पानाचा फोटो पाठवला असतास तरी चाललं असतं."