रिकामा सेल काय सांगतो?

प्रश्नपत्रिकेच्या कागदावर एक्सेल शीटचा फोटो छापलेला असतो. वर A, B ही अक्षरं, डावीकडे 1 ते 6 हे आकडे, मधे चौकटी. B2 पासून B6 पर्यंत गुण: 40, 30, मग एक रिकामा सेल, मग ‘गैरहजर’, शेवटी 50. खाली प्रश्न: उत्तरं लिहा.

```
=SUM(B2:B6)
=AVERAGE(B2:B6)
=IF(B5>=35,"पास","नापास")
```

पहिलं सोपं. SUM रिकामं आणि अक्षरी सारं ओलांडून जातं, उत्तर 120. दुसऱ्यात मात्र हात सवयीने पाचाने भागतो आणि 24 लिहून मोकळा होतो. AVERAGE फक्त आकडे असलेले सेल मोजतं. ते तीनच आहेत, म्हणून 40. रिकाम्या जागी 0 टाइप केलेलं असतं, तर बेरीज तीच राहिली असती, भागायचं चारने आणि सरासरी 30. शून्य गुण मिळणं आणि पेपरच न देणं, हा फरक या सूत्राला बरोबर कळतो.

तिसरं खरं गमतीचं. गैरहजर मुलगा नापास, असं आपल्याला वाटतं. एक्सेल म्हणतं पास! तुलनेत एक्सेल कोणत्याही मजकुराला कोणत्याही आकड्यापेक्षा मोठं मानतं, त्यामुळे ‘गैरहजर’ 35 च्या वर जातो. आणि B4, जो खरंच रिकामा आहे, तो इथे 0 धरला जातो, म्हणून तो नापास. म्हणजे सरासरीत ज्याला मोजलंच नाही, त्याला IF शून्य गुण देऊन टाकतं. एकाच सेलला दोन सूत्रांकडून दोन वागणुका.

आता फोटोकडे पुन्हा बघा. 40 आणि 50 सेलच्या उजव्या कडेला टेकलेत, पण 30 डावीकडे सरकलेला दिसतो. आपणहून डावीकडे बसणारा आकडा बहुधा मजकूर म्हणून साठवलेला असतो. कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण असेल तर शंका आणखी बळावते. तसं असेल तर बेरीज 90, सरासरी 45. शिवाय `=IF(B3>=35,"पास","नापास")` विचारलं, तर 30 गुणवालाही पास. मात्र `=B2+B3+B6` लिहिलं की उत्तर 120 येतं, कारण अधिकचं चिन्ह त्या मजकुराचा आकडा करून घेतं, SUM रेंजमध्ये तसं करत नाही.

हे सगळं फोटोतून ओळखता येतं, पण एका अटीवर: प्रश्न काढणाऱ्याने देखणेपणासाठी सगळे आकडे मध्यावर आणलेले नसावेत. तसं केलं की डावं-उजवं पुसलं जातं. फॉर्म्युला बार फोटोत असला, तरी तो निवडलेल्या एकाच सेलचं पोट दाखवतो. अशा कागदावर 40 आणि 45, दोन्ही उत्तरांना गुण द्यायला हवेत.