एफडी संपली, पॉलिसी निघाली

तक्रार एका ओळीची होती: ‘मी एफडी करायला गेले होते, मला पॉलिसी कुणी दिली?’ खाली सही आणि सोबत पॉलिसी बाँडच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. बाई ६४ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. आमच्या ठाण्यातल्या एका शाखेत त्यांचं पेन्शन जमा होतं. मी त्याच बँकेच्या तक्रार विभागात आहे. अशा फाइलमध्ये मी आधी पॉलिसी वाचत नाही, खात्याचा उतारा काढते.

उताऱ्यात २४ मार्चला ६ लाखांची एफडी मुदत संपून खात्यात जमा झालेली दिसली. त्याच दिवशी दुपारी २ लाख विमा कंपनीला गेले होते. बाकीचे ४ लाख बचत खात्यात तसेच पडून होते. ज्या बाईंनी आयुष्यभर एफडीशिवाय काही केलं नाही, त्यांना जेवणाच्या सुट्टीआधी पंधरा वर्षांच्या विम्याची गरज वाटू लागली, हे पटणं अवघड होतं. मार्चचा शेवट आणि शाखेचं टार्गेट हे दोन शब्द लक्षात घेतले की पटायला सोपं जातं.

मग प्रस्ताव अर्ज मागवला. ग्राहकाला सहसा बाँडच दाखवतात, पण खरी गंमत या अर्जात असते आणि त्याची प्रत बाँडसोबत यायला हवी. त्यात वार्षिक उत्पन्न ९ लाख लिहिलं होतं. खात्यात दरमहा ३१ हजार पेन्शन येत होतं, म्हणजे वर्षाचे पावणेचार लाखसुद्धा नाहीत. व्यवसायाच्या रकान्यात ‘क्लासेस’. ईमेल बाईंचा नव्हताच. विक्री करणाऱ्याचा कोड शाखेतल्या दुसऱ्याच कर्मचाऱ्याचा होता. बँकेत विमा विकायचा तर त्या माणसाने प्रशिक्षण घेऊन परीक्षा दिलेली असावी लागते, आणि पॉलिसीवर त्याचाच कोड पडायला हवा. टेबलावर बोलला एक आणि कोड पडला दुसऱ्याचा, की मी पुढचं सगळं संशयानेच वाचते.

उत्पन्न फुगवण्याचं कारण साधं आहे. पावणेचार लाखांच्या उत्पन्नावर वर्षाला २ लाखांचा हप्ता विमा कंपनीच्या तपासणीत अडकला असता.

त्यानंतर पॉलिसी देण्याआधीच्या पडताळणी कॉलचं रेकॉर्डिंग मागवलं. ते विमा कंपनीकडे असतं आणि शाखेने ‘मिळत नाही’ म्हटलं तरी लेखी मागितलं की मिळतं. पलीकडची मुलगी पाठ केल्यासारखं विचारते, ‘आपण दरवर्षी दोन लाख रुपये, दहा वर्षं भरणार आहात, हे आपल्याला मान्य आहे का?’ क्षणभर काहीच नाही. मग मागून बारीक पुरुषी आवाज, ‘हो म्हणा काकू.’ आणि बाई म्हणतात, ‘हो.’ काकूंना सांगितलं होतं की फोनवर सगळ्याला हो म्हणायचं, नाहीतर व्याज सुरू होणार नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे दोन-दोन लाख तीनदा भरायचे होते, म्हणजे एफडीचेच सहा लाख, आणि मग ‘दीडपट’ मिळणार होते.

दीडपट हा शब्द बेरकी आहे, कारण तो खोटा नव्हता. १० वर्षं २ लाख भरायचे, एकूण २० लाख, आणि पंधराव्या वर्षाअखेरीस ३० लाख. पण पैसे सरासरी साडेदहा वर्षं अडकतात, आणि त्या हिशेबाने परतावा वर्षाला जेमतेम ४ टक्के पडतो. मुदत संपेल तेव्हा बाई ७९ वर्षांच्या. करबचतीचा मुद्दा काढावा, तर त्यांच्या उत्पन्नावर तसाही कर लागत नव्हता. विम्याचं संरक्षण कुणाला? मुलगी कमावती आहे, ऐरोलीला राहते, आईवर अवलंबून नाही. बाँड वाचून तिनेच हे उघडकीस आणलं.

मला जास्त राग याचा आला की त्याच शाखेत, त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा अर्ज होता. व्याजदर ८.२ टक्के, मुदत ५ वर्षं, मर्यादा ३० लाख, व्याज दर तिमाहीला. ६ लाखांवर तिमाहीला १२,३०० रुपये हातात आले असते. पेन्शनवर जगणाऱ्या बाईला हे सुचवणं हेही क्रॉस-सेलिंगच, म्हणजे आपल्या खातेदाराला आणखी एक योजना विकणंच आहे, आणि तिने दुवा दिला असता. पण त्यातून शाखेला मिळणारं उत्पन्न नगण्य आहे, आणि विम्यावर पहिल्या वर्षाच्या हप्त्यातलं कमिशन भरघोस. टार्गेटच्या तक्त्यात पहिल्याला रकानाच नाही.

वेळ मात्र हातात होता. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. पूर्वी ही मुदत साधारण पंधराच दिवसांची होती. मोजणी हप्ता भरल्याच्या तारखेपासून नाही, कागद मिळाल्यापासून. म्हणून पोस्टाचा लिफाफा फेकू नये. बाँड २ एप्रिलला आला होता आणि तक्रार २७ ला. मध्ये १ मेची सुट्टी येत होती, तेव्हा टपालावर विसंबायचं नाही असं ठरवलं.

इथेच बहुतेकांची चूक होते. ते शाखेत जाऊन सांगतात, शाखा म्हणते ‘बघतो’, आणि दिवस निघून जातात. रद्द करायचा अर्ज विमा कंपनीकडे द्यायचा: पॉलिसी क्रमांक, कारण, मूळ बाँड, रद्द केलेला चेक. पोहोच घ्यायची आणि तोच मजकूर ईमेलनेही पाठवायचा. बाईंनी कारणात एवढंच लिहिलं, ‘एफडी म्हणून सांगून विकली, दहा वर्षांचे हप्ते मला परवडणार नाहीत.’ ‘एक चेंज रिक्वेस्ट टाकतो, हप्ता कमी करून देतो’ असा फोन शाखेतून त्यांना आलाच, पण मुलगी बधली नाही.

मुद्रांक शुल्क, तेवढ्या दिवसांचा जोखमीचा हप्ता आणि वैद्यकीय तपासणीचा खर्च कापून पैसे परत आले. साडेतीन हजारांच्या आसपास गेले. खात्यावर हप्त्यासाठी दिलेली स्थायी सूचना वेगळी रद्द करावी लागली. पॉलिसी गेली की ती आपोआप जाते असं लोक धरून चालतात, आणि पुढच्या मार्चमध्ये खात्यातून पैसे जातात. चार लाखांवरचं महिन्याभराचं एफडी व्याज मात्र कुणी भरून देत नाही. ते आम्ही द्यावं असं मी टिपणात लिहिलं आणि वरून मंजूर झालं.

पैसे आल्यावर बाईंनी पेन्शन दुसऱ्या बँकेत वळवलं. बहिणीची आणि त्यांची स्वतःची उरलेली एफडी मुदत संपताच गेली. शाखेने जो कमिशनचा आकडा मार्चमध्ये दाखवला होता, तोही रद्द झाला.

आता त्या कोडवरच्या मार्चमधल्या बाकीच्या फाइली काढल्या आहेत. मी तीनच गोष्टी ताडते: एफडी जमा झाल्याची आणि हप्ता गेल्याची तारीख, अर्जातलं उत्पन्न आणि खात्यातली जमा, ग्राहकाचा ईमेल आणि मोबाइल खरंच ग्राहकाचा आहे का. काहींची ३० दिवसांची मुदत उलटून गेली आहे. त्यांचा रस्ता लांबचा आहे. आधी विमा कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार. बँकेबद्दल ३० दिवसांत उत्तर नाही, किंवा पटणारं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, cms.rbi.org.in वर, विनाशुल्क. विमा कंपनीविरुद्ध विमा लोकपालाकडे, त्यांचं कार्यालय आता ठाण्यातच आहे. दोन्हीकडे कॉलचं रेकॉर्डिंग आणि प्रस्ताव अर्जाची प्रत लागतेच, म्हणून त्या मागणीचं पत्र मी तक्रारीच्या पहिल्याच दिवशी पाठवून ठेवते.