पंधराव्या ओळीपर्यंत मी चुकीचा शेरा मारून बसले होते

थिअरीच्या पेपरातला निबंध तपासताना मी आधी स्कोअर पियानोच्या स्टँडवर लावते आणि मगच पहिली उत्तरपत्रिका उघडते. बार क्रमांक दिलेला असला की तिथेच वाजवून बघायचं. न वाजवता तपासलं, तर नुसती शब्दांची सफाई बघून गुण पडतात.

या वेळी मोझार्टच्या सोनाटाची, के. 545 ची, पहिली मूव्हमेंट होती. त्याने स्वतःच्या यादीत 26 जून 1788 ला नोंदवलेली आणि नवशिक्यांसाठी म्हटलेली. अवघे 73 बार. बहुतेक निबंध एकाच साच्याचे निघाले: प्रत्येक कॉर्डखाली रोमन अंक आणि खाली 'यामुळे संगीत सुंदर होते'. अंक बरोबर असतात, पण त्यातून काय म्हणायचंय ते कुठेच नसतं. हे आपणच शिकवलंय, म्हणून जास्त टोचतं.

मग एक उत्तरपत्रिका आली. दुसऱ्याच परिच्छेदात वाक्य होतं: 'रिकॅपिच्युलेशन 59व्या बारला सुरू होते.' रिकॅपिच्युलेशन म्हणजे सुरुवातीच्या थीम्स परत येतात तो शेवटचा भाग, आणि उत्तरसूचीत त्याची सुरुवात 42 आहे. 42व्या बारला पहिली थीम परत येते, फक्त सी मेजरऐवजी एफ मेजरमध्ये, म्हणजे सबडॉमिनंटमध्ये. की सिग्नेचर बदलत नाही, बी फ्लॅट सुटे लिहिलेले असतात, पण थीम तीच. मी लाल पेनने 59 ला गोल केला आणि फॉर्मच्या 5 पैकी 1 गुण मनात ठरवून टाकला.

पुढे वाचत गेले आणि पेन खाली ठेवलं.

थीम एफमध्ये का येते, याचं एक ठरलेलं स्पष्टीकरण सगळे देतात, वर्गात मीही देत आले. एक्स्पोझिशन, म्हणजे थीम्स पहिल्यांदा मांडणारा भाग, सीवरून जीवर जातं, एक पंचम वर. मग एफपासून सुरुवात केली की तोच प्रवास जसाच्या तसा उतरवून आपोआप सीवर पोचता येतं, नवीन काही लिहावं लागत नाही. या विद्यार्थ्याने हे स्पष्टीकरण बार मोजून तपासलं होतं. पहिल्या थीमपासून जी कॉर्डवरच्या हाफ केडन्सपर्यंत, म्हणजे तिथल्या अर्धवट थांब्यापर्यंत, एक्स्पोझिशनमध्ये 12 बार आहेत. नुसतं उतरवलं असतं, तर एफमध्येही 12च झाले असते, आणि शेवट जीऐवजी सी कॉर्डवर आला असता. तिथून दुसरी थीम सीमध्ये सहज सुरू झाली असती. पण स्कोअरमध्ये 42 ते 57 असे 16 बार आहेत. स्केल्स लांबतात, मध्ये डावा हातही त्या घेतो, आणि शेवटचे चार बार पुन्हा मूळ जागी, त्याच जी कॉर्डवर, येऊन थांबतात.

म्हणजे फुकटची वाट समोर असताना मोझार्टने ती घेतली नाही. चार बार जास्त लिहून तो एक्स्पोझिशनमधल्या त्याच केडन्सपाशी परत आला. यावरून विद्यार्थ्याचं म्हणणं असं की खरं परतणं त्या जी कॉर्डवर ठरतं आणि 59ला दुसऱ्या थीमसोबत पूर्ण होतं. एफमधली थीम अजून वाटेवरच आहे.

मी निष्कर्षाशी सहमत नाही. पहिली थीम सलग आणि ओळखू येईल अशी परतते, तिला डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे मधल्या भागात, ढकलायला निबंधाकडे काही कारण नाही, आणि तो हा प्रश्न टाळूनच पुढे जातो. 29व्या बारपासूनच्या जी मायनरबद्दल तर 'उदास वातावरण' एवढंच लिहिलंय, एकही कॉर्ड नाही. पण ते चार जास्तीचे बार या गठ्ठ्यात दुसऱ्या कुणीच मोजले नव्हते.

फॉर्म ओळखण्याचे 5 पैकी 2 दिले, पुराव्याचे 10 पैकी 9. सहपरीक्षकांनी पुराव्याचे 5 केले. त्यांचं म्हणणं, निष्कर्ष चुकला तर पुरावाही त्याच्याबरोबर पडतो. मला हे पटत नाही. पुरावा स्कोअरमध्ये आहे की नाही एवढंच त्या रकान्यात बघायचं असतं, आणि तो आहे. वाद मिटला नाही, उत्तरपत्रिका तिसऱ्या परीक्षकांकडे गेली.

तेव्हापासून रोज एकदा तरी मी 12वा बार वाजवते आणि पुढे जी मेजरमध्ये जाते. मग 57वा वाजवते, तीच कॉर्ड, तोच थांबा, आणि पुढे सी मेजर. उत्तरसूचीत 42च राहील. त्याखाली एक ओळ मी पेन्सिलने वाढवली आहे: 'जास्तीचे चार बार दाखवल्यास पुराव्याचे गुण स्वतंत्र द्यावेत.' ती मान्य होते का, ते पुढच्या बैठकीत कळेल.