सातव्या दिवसाचा रेटिक

निफाडकडचे ५२ वर्षांचे द्राक्ष बागायतदार. हिमोग्लोबिन ६.२, पांढऱ्या पेशी १,९००, प्लेटलेट ४४,०००. घरच्यांचा संशय फवारणीवर होता. तिन्ही पेशी घटल्या की मी आधी घरातली औषधांची सगळी पिशवी मागवतो, कारण आठवड्यातून एकदाची संधिवाताची मेथोट्रेक्सेट रोज घेतली गेली, तरी असेच आकडे येतात. यांच्या पिशवीत फक्त ब्लडप्रेशरची गोळी होती.

बी१२ आलं १४०, म्हणजे कमी. शाकाहारी माणूस, त्यामुळे पाठवणाऱ्या डॉक्टरांना निदान झालं असं वाटलं. आपल्याकडे कमी बी१२ इतकं सर्रास सापडतं, की तो आकडा एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. बी१२मुळे पेशी इतक्या खाली गेल्या असत्या, तर काचेवर पसरलेल्या रक्ताच्या स्मिअरमध्ये मोठ्या अंडाकृती तांबड्या पेशी आणि पाच-सहा खंडांच्या केंद्रकाच्या न्यूट्रोफिल दिसल्या असत्या, पेशी फुटल्या की वाढणारं एलडीएच हजारांत गेलं असतं. इथे यातलं काहीच नव्हतं. शिवाय पांढऱ्या पेशी हाताने मोजताना त्यांतली मोनोसाइट एकही सापडली नाही, आणि प्लीहा बरगडीखाली चार बोटं लागत होती. रक्तपेशी जिथे बनतात तो हाडातला मॅरो नुसता सुकला असेल, म्हणजे अप्लास्टिक असेल, तर प्लीहा वाढत नाही.

तरीही ताप नाही, रक्तस्राव नाही, म्हणून बी१२ची १,००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं सुरू करून सातव्या दिवशी रेटिक काउंट, म्हणजे मॅरोतून नुकत्याच आलेल्या कोवळ्या तांबड्या पेशींची मोजणी, केला. ताप असता तर थांबलो नसतो. कमतरता हेच कारण असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रेटिक चढतो आणि आठवड्याच्या आसपास शिखरावर असतो. ही तपासणी स्वस्त आहे, तरी कुणी लिहून देत नाही, याचा मला खरंच राग येतो. रिपोर्टवर १ टक्का आला. पण हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, नेहमीच्या ४५ऐवजी १८ होता. १ गुणिले १८ भागिले ४५, म्हणजे खरा रेटिक ०.४ टक्के. मॅरो हललाच नव्हता.

मॅरो काढताना सिरिंजमध्ये काहीच आलं नाही. अशा वेळी सुई पुन्हा पुन्हा टोचत बसू नये. मॅरोत जाळं धरलंय किंवा तो पेशींनी गच्च भरलाय, हे त्या रिकाम्या सिरिंजनेच सांगितलेलं असतं. दीड-दोन सेंटिमीटरचा हाडाचा तुकडा घेतला, फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी काचेवर हलकेच टेकवून ठसे घेतले. ठशांवर कडेला केसांसारखे तंतू असलेल्या पेशी होत्या. तुकड्यात त्याच पेशी सुट्या सुट्या, प्रत्येकीभोवती मोकळी जागा, मधून रेटिक्युलिन तंतूंचं जाळं. पेशींवरच्या खुणा तपासल्या, तर सीडी२०, सीडी१०३, ॲनेक्सिन ए१ पॉझिटिव्ह: हेअरी सेल ल्युकेमिया.

हा रक्ताचा कर्करोग असला तरी क्लॅड्रिबिन या औषधाच्या एकाच कोर्सने बहुतेक रुग्णांत वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो. त्यांना रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि बी१२ही चालूच ठेवायला सांगितलं, कारण ती कमतरता खोटी नव्हती. मोनोसाइट मात्र मशीनच्या रिपोर्टवर ६ टक्के छापल्या होत्या. मशीनने याच केसाळ पेशी त्या नावाने मोजल्या असाव्यात.