ब्लेझर, पट्टे आणि विटलेला निळा

“नेव्ही ब्लेझर आहे, पट्ट्यांचा शर्ट आहे, स्वेटरही आहे. तरी सगळं एकत्र घातलं की प्रेपी काही वाटत नाही. कधी ऑफिसला निघाल्यासारखं दिसतं, कधी शाळेच्या युनिफॉर्मसारखं. आणि ज्याला वर्कवेअर लुक म्हणतात, त्यात आणि यात नेमका फरक काय?”

प्रेपी म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कॉलेजांतून आलेली शैली. ब्लेझर घटकाभर बाजूला ठेवा आणि दोन निळे शर्ट खिडकीच्या उजेडात धरा. एक ऑक्सफर्ड कापडाचा, दुसरा शॅम्ब्रेचा. दोन्हींत उभे धागे निळे आणि आडवे पांढरे असतात. लांबून नजरेत दोन्ही मिसळतात, म्हणून निळा फिका दिसतो. ऑक्सफर्डमध्ये उभे धागे जोडीजोडीने जातात आणि त्यांच्यावरून एकच जाडसर आडवा धागा जातो, त्यामुळे कापड दाणेदार लागतं. शॅम्ब्रेची वीण साधी, एकाआड एक.

खरा फरक धुण्यात कळतो. ऑक्सफर्डचा धागा बहुतेक वेळा आतपर्यंत रंगलेला असतो, त्यामुळे वर्षं गेली तरी तो सगळीकडे सारखाच फिका होत जातो. जुन्या पद्धतीचं शॅम्ब्रे किंवा डेनिम निळीत बुडवून रंगवलेलं असतं आणि नीळ धाग्याच्या वरच्या थरातच बसते, गाभा पांढरा राहतो. जिथे घासलं जातं तिथे पांढरं आधी उघडं पडतं: कोपर, खिशाची कड, शिवणीचा उंचवटा. प्रेपी कपड्याचा मंद रंग कापडात पहिल्यापासून विणलेला असतो. वर्कवेअरचा रंग वापरून विटतो. (वर्कवेअर म्हणजे इथे ऑफिसचे कपडे नव्हेत. रेल्वे, गोदी, कारखाना, शेत इथल्या कामगारांच्या कपड्यांवरून आलेली शैली.) बाकीचे बरेच फरक इथूनच निघतात.

स्वेटरमध्ये हे सगळ्यात छान दिसतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कॉलेजांत जो शेटलंड लोकरीचा गोल गळ्याचा स्वेटर रूढ झाला, त्याची लोकर सूत कातण्याआधीच रंगवतात आणि मग वेगवेगळ्या रंगांची लोकर एकत्र करून कातायला घेतात. मरून वाटणाऱ्या स्वेटरचा धागा जवळून पाहा: त्यात राखाडी, नारिंगी, कधी जांभळे तंतू सापडतील. म्हणून तो मरून डोळ्यांत भरत नाही आणि खाकी, राखाडी, नेव्ही या सगळ्यांशी त्याचं जमतं. विणून झाल्यावर एकाच रंगात बुडवलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या मरूनमध्ये ते तंतू नसतात. त्यावर पंधरा रुपयांची सवलत असो की पंधराशेची, ब्लेझरखाली तो परकाच दिसणार.

मुंबई-कोकणात शेटलंड घालवत नाही, हे खरं. तिथे सुती विणीचा, दोन छटांचे धागे मिसळलेला पातळ स्वेटर घ्या किंवा बिनबाह्यांचा. क्रिकेटचा तो पांढरा, पीळदार विणीचा, व्ही गळ्यावर रंगीत काठ असलेला स्वेटर याच घराण्यातला आहे. कोळ्या-खलाशांचा जाड अ‍ॅरन स्वेटर मात्र त्या घराण्यातला नाही. तो ब्लेझरखाली घातला की काखेत दाटतो, कारण ब्लेझरची बगल उंच कापलेली असते. हात वर करताना सगळा ब्लेझर वर आला, तर स्वेटर जाड आहे असं समजा.

आता ब्लेझर. तुलनेसाठी त्याच्या शेजारी फ्रेंच कामगारांचा निळा सुती कोट ठेवा, ज्याला चोअर कोट म्हणतात. वरवर दोघांत साम्य बरंच: दोन्ही निळे, दोन्हींना बाहेरून लावलेले पॅच पॉकेट, दोन्हींत भरगच्च पॅडिंग नाही. तरी दुरूनही वेगळे ओळखू येतात. चोअर कोट जाड सुती ड्रिलचा किंवा मोलस्किनचा असतो. कापड स्वतःच्या ताकदीवर उभं राहतं, म्हणून अंगावर तो चौकोनी दिसतो. कॉलर शर्टासारखी, अस्तर नाही, शिवणी दुमडून दुहेरी टाक्यांनी बसवलेल्या आणि खिशाच्या तोंडाशी कोपऱ्यांवर दाट टाक्यांची गाठ. हत्यार टाकलं तरी खिसा फाटू नये, हा हिशोब. जीन्सच्या खिशावरचा रिव्हेट त्याच हिशोबातला. त्याचं पेटंट १८७३चं.

ब्लेझर लोकरीचा, आणि लोकर अंगावरून खाली ओघळते. त्याच्या खिशाला कडेपासून साधारण सहा मिलिमीटर आत एकच टाक्यांची ओळ असते, कोपऱ्यात गाठ दिसत नाही. त्यात फार तर रुमाल. तो मुळात इंग्लंडमधल्या नौकानयन क्लबांचा कोट. केंब्रिजच्या लेडी मार्गारेट बोट क्लबचे लालभडक कोट प्रसिद्ध आहेत. म्हणजे खेळाचा कपडा, पुढे कॉलेजात आणि मग गावात शिरलेला. त्यामुळे तो सैलच हवा. कडक, छाती फुगवलेला ब्लेझर प्रेपी होत नाही, तो सूटचा कोट होतो.

ऑफिसला निघाल्यासारखं दिसण्याचं कारण बहुधा हेच असतं: सूटमधला कोट ब्लेझर म्हणून वापरलेला. त्याचं कापड गुळगुळीत, किंचित चमकणारं. बटणं कापडाच्याच रंगाची. खिसे आत कापलेले. पँट कुठलीही घाला, जोडीची पँट हरवल्यासारखंच वाटतं. त्याऐवजी हॉपसॅक घ्या. चटईसारख्या मोकळ्या विणीचं हे कापड हवा खेळू देतं, चुरगळत कमी आणि चमकत नाही. वजन मीटरला २५० ते २८० ग्रॅम, म्हणजे आपल्या हवेत बऱ्यापैकी चालणारं. त्याचा एक दोष: मोकळी वीण असल्यामुळे बॅगेची चेन किंवा घड्याळ अडकलं की धागा निघतो. तो कापू नका, सुईने उलट्या बाजूला ओढून घ्या.

टेलरकडून शिवून घेणार असाल तर या गोष्टी आधीच सांगा, कारण आपल्याकडचा टेलर हात लावला की सूटच शिवतो. खांद्यात पॅड नको, फार तर पातळ वॅडिंगचा एक थर. पुरुषांच्या ब्लेझरला पुढे डार्ट, म्हणजे कापड चिमटून आत घेतलेल्या शिवणी, नकोत; छातीपासून कापड सरळ उतरलं पाहिजे. छाती आणि कंबर यांत फार फरक असेल तर ते पोत्यासारखं दिसतं, अशा वेळी बाजूच्या शिवणीत थोडं आत घ्यायला सांगा. बायकांसाठी डार्ट पूर्ण काढू नयेत, छातीवर कापड ताणलं जातं; बाजूच्या पॅनेलच्या शिवणीत ते लपवता येतात. तीन बटणं, पण वरचं लेपलच्या, म्हणजे छातीवर दुमडलेल्या कॉलरपट्टीच्या, वळणात जाणारं, लावायचं फक्त मधलं. पाठीत मधोमध एक काप. अस्तर अर्धं. बटणं पितळी चालतील, पण घासून झळकवलेली नकोत; पुढची सुमारे २० मिलिमीटर, बाहीची १५. छातीवर बिल्ला नको, तुम्ही त्या क्लबचे सभासद असल्याशिवाय.

तयार ब्लेझर घेताना खालच्या बटणाखाली चिमटी घ्या आणि बाहेरचं व आतलं कापड अलग ओढून पाहा. मध्ये तिसरा थर सुटा सरकला तर कॅनव्हास आहे. बाहेरचं कापडच जाड, चिकटलेलं लागलं तर फ्युजिंग. फ्युजिंग वाईटच असतं असं नाही, पण ड्रायक्लीनच्या किंवा इस्त्रीच्या उष्णतेने त्याचा गोंद सुटला की छातीवर फोडासारखे बुडबुडे येतात आणि ते कायमचे बसवणं फारसं कुणाला जमत नाही.

युनिफॉर्मचं दुखणं वेगळं आहे. नेव्ही ब्लेझर, पांढरा शर्ट, राखाडी पँट आणि पट्ट्यांचा टाय हा चौकोन आपल्या कॉन्व्हेंट शाळांनी व्यापलेला आहे. त्यातली एकच बाजू मोडली तरी पुरते. पांढऱ्याऐवजी फिका निळा ऑक्सफर्ड, किंवा राखाडीऐवजी खाकी चिनो.

पट्ट्यांचं थोडं खोलात सांगायला हवं. इंग्लंडमध्ये टायचे तिरपे पट्टे रेजिमेंटची किंवा क्लबची खूण होती आणि ते घालणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडून उजव्या कमरेकडे उतरत. गेल्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या ब्रुक्स ब्रदर्स या कपड्यांच्या कंपनीने ती दिशा उलटी केली. म्हणजे रंग तेच घ्या, पण ज्या पलटणीत तुम्ही नाही तिच्यावर हक्क सांगू नका. प्रेपी पट्ट्यात आपण कुठल्या गटातले हे सांगण्याचा वास आजही आहे. कामगारांचा हिकरी पट्टा मात्र मळखाऊ म्हणून आला: निळीच्या जाड ट्विलमध्ये बारीक पांढऱ्या रेघा, इंजिन चालवणाऱ्यांच्या डंगरीचा. काजळी लागली तरी पटकन दिसत नाही. शर्टाच्या पट्ट्यात पांढरं जास्त आणि निळं कमी असेल तर तो कॉलेजकडे झुकतो, उलट असेल तर लोहमार्गाकडे. हा नियम नव्हे, पण दुकानात उपयोगी पडतो.

गंमत म्हणजे प्रेपीत हटकून दिसणारा आडव्या पट्ट्यांचा ब्रेटन टी-शर्ट खरं तर कामाचाच कपडा आहे. फ्रेंच नौदलाच्या १८५८च्या नियमात तो मोजून दिलेला आहे: पांढरे पट्टे २० मिलिमीटरचे, निळे १० मिलिमीटरचे. पांढरं निळ्याच्या दुप्पट, हे प्रमाण पाहूनच घ्या. दोन्ही सारख्या रुंदीचे आले की ब्लेझरच्या उघड्या भागात ते फार ठळक होतात. खाकी चिनोही असाच बाहेरून आलेला. १९४४च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या खाकी पँटी कॉलेजांत आल्या.

म्हणून सरमिसळ चालते, फक्त कुठे थांबायचं ते कळावं. समजा हॉपसॅकचा ब्लेझर, निळ्या बारीक पट्ट्यांचा बटण-डाउन ऑक्सफर्ड, खाकी चिनो, तपकिरी लोफर. चिनो काढून गडद जीन्स घातली, तरी प्रेपीच. शर्टाच्या जागी शॅम्ब्रे आला तर काठावर. ब्लेझरच्या जागी चोअर कोट आला, खाली बाकी तेच, तरी शर्टाची बटणं लावलेली कॉलर आणि लोफर त्याला सांभाळून घेतात. पण लोफर काढून जाड सोलचे कामाचे बूट घातले की वरचा लोकरीचा ब्लेझर एकदम उसना वाटायला लागतो, कारण पायाशी वजन आणि खांद्याशी ओघळणारं कापड. बूट घालायचेच असतील तर ब्लेझर घरी ठेवा आणि चोअर कोट घाला. खाली तोच पट्ट्यांचा ऑक्सफर्ड चालेल, फक्त कॉलरची बटणं लावलेली असू द्या आणि शर्ट आत खोचा.