टिचबटणावरची चकती

आमच्या फ्रिजच्या दारावर घरकामं वाटून देणाऱ्या पुठ्ठ्याच्या दोन चकत्या आहेत. मोठीवर चार घरं, छोटीवर दोन. मधोमध आईच्या शिवणाच्या डब्यातलं टिचबटण लावलंय, त्यामुळे त्या फिरतात. दर रविवारी जेवण झालं की एक घर पुढे सरकवायचं. पूर्वी हे आम्ही सोमवारी सकाळी करत असू. पण रविवारी संध्याकाळी धुतलेले कपडे तेव्हा दोरीवर अर्धे ओलेच असत, आणि ते काढायचे जुन्या माणसाने की नव्या, यावर डब्याच्या गडबडीत वाद व्हायचा. रविवारी दुपारी दोरी मोकळी असते आणि माणसं सुस्त असतात. दोन्ही गोष्टी उपयोगी.

सुरुवात अर्थात मीच केली, आणि चुकीचीच केली. घरात आम्ही चौघं: आई बहात्तरची, बायको आणि मी पंचेचाळिशीच्या आसपास, लेक बारा वर्षांची, सातवीत. भांडी आणि केर-फरशीला मावशी येतात. उरलेल्या कामांचा मी एक तक्ता केला: दूध, कपडे, कचरा आणि झाडं, रात्रीची आवराआवर. नावं मात्र तीनच लिहिली. आईने आयुष्यभर केलं, आता तिने बसावं, असा माझा उदार विचार. तिने चष्मा लावून तक्ता वाचला आणि विचारलं, "मी काय पाहुणी आहे का या घरात?" चौथं नाव लागलं, आणि चार कामांना चार माणसं झाल्यामुळे तक्ताही एकदम सुबक दिसायला लागला.

दुसऱ्या आठवड्यात लेक म्हणाली, "बाबा, यात स्वयंपाक कुठाय?"

स्वयंपाक नव्हताच. मला जी कामं 'कामं' वाटत होती, तेवढीच मी लिहिली होती. पोळी-भाजी रोज आपोआप होत असावी अशी काहीतरी माझी समजूत असणार. मग आम्ही आठवडाभर फ्रिजला एक वही आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल लटकवली. जो काम करेल त्याने मिनिटं लिहायची. यात एक गोम लगेच दिसली. आठ कपड्यांच्या घड्या आई पाच मिनिटांत करते, लेकीला पंधरा लागतात. तिची पंधरा धरली तर हळू काम करणाऱ्याला जास्त श्रेय मिळतं, आईची पाच धरली तर लेकीवर अन्याय होतो. शेवटी बायकोचा वेग प्रमाण मानला, कारण ती ना फार चटकन करते ना रेंगाळते. खरं तर ती फार चटकन करते, पण ते तिने कबूल केलं नाही.

आठवड्याची बेरीज आली सोळाशे दहा मिनिटं, म्हणजे सत्तावीस तासांना जरा कमी. त्यातला स्वयंपाक ७७०. माझ्या त्या सुबक तक्त्यावरची चारही कामं मिळून ५६०. उरलेले २८० भाजी आणणं, निवडणं आणि बाथरूम घासणं यात जात होते. म्हणजे घरातलं जवळजवळ दोनतृतीयांश काम तक्त्याच्या बाहेर होतं, आणि मी उरलेल्या एकतृतीयांशाची न्याय्य वाटणी करून खूश होतो. बाहेरच्यातलं भाजी आणणं आणि बाथरूम एवढंच माझं, १८० मिनिटं.

आता १६१० भागिले चार असं करता येत नाही. लेकीला शाळा, क्लास, गृहपाठ. आईचे गुडघे. दोन संध्याकाळी वाद घालून आम्ही वाटे ठरवले ते असे: लेकीचा एक, आईचे दोन, आम्हा दोघांचे चार-चार. एकूण अकरा. एक वाटा साधारण १४६ मिनिटांचा, म्हणजे लेकीला दिवसाला वीस-एकवीस मिनिटं. लेकीने "चालेल" म्हटलं. आईने "दोनच?" असं विचारलं, पण गुडघ्यांनी तिला फार ताणू दिलं नाही.

खरी अडचण पुढे होती. वाटे असे लहान-मोठे असतील तर चक्र फिरवायचं कसं? सगळी कामं एकाच चकतीवर घातली तर कधीतरी लेकीच्या वाट्याला आठवडाभराचा स्वयंपाक येणार आणि आईच्या वाट्याला बाथरूम. दोन चकत्या त्यातून आल्या. मोठीवर तीच जुनी चार कामं राहिली, जी चौघांनाही जमतात. ५६० भागिले चार, प्रत्येकी सरासरी १४०. लेकीचा पूर्ण वाटा इथेच संपतो. आठवडे सारखे नसतात हे खरं: आवराआवर १७५ मिनिटांची आणि दूध १०५चं. पण चार आठवड्यांत चारही कामं प्रत्येकाकडून जातात, त्यामुळे फरक मिटतो.

उरले १०५०. त्यातलं भाजी निवडणं आणि संध्याकाळचा कुकर लावणं मिळून १५० आईने घेतले, ते कायमचे तिच्याकडे. फिरवायला गेलो असतो तर मेथीच्या जुडीवरून भांडण झालं असतं, कारण आईच्या मते आम्ही कोणीच धड निवडत नाही. राहिलेल्या ९०० मिनिटांच्या दोन पाळ्या केल्या. सकाळची पाळी म्हणजे चहा, नाश्ता आणि डबे. संध्याकाळची म्हणजे रात्रीचा स्वयंपाक, वर भाजी आणणं आणि बाथरूम. या दोन पाळ्या छोट्या चकतीवर, आणि त्या फक्त बायको आणि मी आलटून-पालटून करायच्या.

या हिशोबाने माझ्या वाट्याला दिवसाला ८४ मिनिटं आली. मी जरा कौतुकाच्या अपेक्षेने घरभर पाहिलं. बायकोने तिच्या फोनवर केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणाची बातमी काढून माझ्यापुढे धरली. घरकामात भाग घेणारे पुरुष दिवसाला सरासरी ८८ मिनिटं काम करतात, बायका २८९. "अजून चार मिनिटं कमीच आहेत," ती म्हणाली. ही सरासरी फक्त काम करणाऱ्या पुरुषांची आहे, जे काहीच करत नाहीत ते त्यात धरलेले नाहीत, असा मुद्दा मी मांडून पाहिला. कोणी ऐकलं नाही.

वयाचा प्रश्न वाट्यांनी पुरता सुटत नाही, तो वस्तूंपाशी येऊन अडतो. आमची कपड्यांची दोरी छताला, कप्पीवर वरखाली होणारी. आईच्या पहिल्याच आठवड्यात ओल्या चादरीसकट दोरी ओढताना तिचा खांदा धरला. माझी प्रतिक्रिया ठरलेली: आईला कपड्यांतून वगळू या. ती म्हणाली, "मला कशाला काढतोस? दोरी काढ." मग कमरेएवढ्या उंचीचा घडीचा स्टँड आला, आणि चादरी शनिवारी एकदाच, माझ्याकडे. आवराआवरीच्या आठवड्यात ती ओट्यापाशी उंच स्टूल घेऊन बसते आणि उरलेली आमटी छोट्या पातेल्यात काढते. ओटा तिच्याकडून जितका स्वच्छ निघतो तितका आमच्याकडून नाही, हे ती दर वेळी सांगतेच.

लेकीच्या बाबतीत दूध अवघड होतं. दोन लिटरचं भरलेलं पातेलं बारा वर्षांच्या मुलीने गॅसवरून उतरवावं, हे आम्हाला कोणालाच पटेना. आता तिच्या आठवड्यात दूध एकेक लिटर करून शिट्टीच्या भांड्यात तापतं. शिट्टी झाली की ती गॅस बंद करते, भांडं गार होईपर्यंत हलवत नाही, आणि संध्याकाळी साय काढून फ्रिजमध्ये ठेवते. पहिल्या आठवड्यात दोनदा ती साय काढायची विसरली. त्यावरून आम्हाला कळलं की प्रत्येक काम कुठे संपतं ते लिहून ठेवायला हवं. दूध साय काढल्यावर संपतं. कपडे पलंगावर नव्हे, कपाटात गेल्यावर संपतात. कचरा सकाळी साडेसातला ओला-सुका बाहेर गेला म्हणून संपत नाही, ओल्याचा डबा धुऊन उलटा ठेवला की संपतो. यावर माझा आक्षेप होता, आणि तो आक्षेप का होता हे सगळ्यांना लगेच समजलं.

परीक्षेच्या आठवड्यात लेकीला माफी नाही, अदलाबदल आहे. अख्खा आठवडा दुसऱ्याशी बदलायचा आणि तो नंतर फेडायचा. एक-दोन दिवसांची माफी दिली की हिशोब कुणाच्याच लक्षात राहत नाही, आणि मग ज्याला आठवतं तोच काम करतो.

दोन महिने सगळं बरं चाललं होतं. मग बायको एका रात्री ओटा पुसताना म्हणाली, "मला आवराआवर आली की संध्याकाळचा स्वयंपाकही माझ्याकडेच कसा असतो?" मी म्हटलं, योगायोग. सात ते दहा ओट्यापाशी उभं राहणारीला योगायोग पटत नाही. लेक वही घेऊन बसली आणि तिने आठ आठवडे मांडले. मोठी चकती चार आठवड्यांनी मूळ जागी येते, छोटी दोन आठवड्यांनी. चार आणि दोनचा लसावि चारच. त्यामुळे दर चार आठवड्यांनी तेच जुळत होतं: मोठ्या चकतीवर आमची नावं समोरासमोर लिहिलेली, म्हणून बायकोची आवराआवर कायम संध्याकाळच्या पाळीत आणि माझी कायम सकाळच्या. मिनिटांची बेरीज अगदी बरोबर होती. फक्त तिचा सगळ्यात जड आठवडा माझ्या वाट्याला कधीच येत नव्हता, आणि मी ते तपासलंही नव्हतं.

उपायही लेकीनेच काढला: दर चार आठवड्यांनी एकदा फक्त मोठी चकती फिरवायची, छोटी जागची हलवायची नाही. एका थांबण्याने जोड्या बदलतात, आणि आठ आठवड्यांत आम्हा दोघांनाही आवराआवर एकदा सकाळच्या पाळीबरोबर येते आणि एकदा संध्याकाळच्या. मोठ्या चकतीवर तिने लाल स्केचपेनने "थांब" असं लिहून छोटीकडे बाण काढलाय.

येत्या रविवारी ती लाल खूण पहिल्यांदाच येतेय. या आठवड्यात डबे माझ्याकडे आहेत, आणि चकती हलणार नसल्याने पुढच्यातही माझ्याकडेच. पोळ्या बाहेरून आणल्या तर तेवढी मिनिटं वाट्यात धरता येतील का, असं मी सहज विचारून पाहिलं. आईने मान वर केली नाही. ती उद्याची गवार निवडत होती. "कणिक मळून ठेव रात्रीच," एवढंच म्हणाली.