मुंबई-लंडन रात्रीचं विमान आणि मागच्या दोन सीटा

आईला लंडनला बहिणीकडे न्यायचं ठरलं, तेव्हा तिकीट काढण्यापेक्षा जास्त वेळ मी सीट मॅप बघण्यात घालवला. विमान मुंबईहून रात्री दोनच्या सुमाराला, पोचायला साधारण दहा तास. कोल्हापुरातनं सकाळीच गाडीनं निघायचं, म्हणजे विमानात बसेपर्यंत अंग आंबलेलं. त्यात आईचे गुडघे दुखरे. "मला रात्रीचं उठावं लागतंय, कुणाकुणाला उठवू?" एवढंच तिनं विचारलं.

विमान बोईंग ७७७ होतं. त्यात इकॉनॉमीची रांग बहुतेक वेळा तीन-चार-तीन अशी असते. पण शेपटीकडे विमान निमुळतं होतं, म्हणून बऱ्याच ७७७ मध्ये मागच्या काही रांगांत खिडकीकडे दोनच सीटा असतात. मी तीच जोडी थोडे पैसे भरून घेतली. आई कडेला, मी खिडकीशी. तिला कुणालाच उठवावं लागणार नाही आणि मधला हात वर केला की दोघांनाही ऐसपैस. अगदी शेवटची रांग मात्र सोडली. तिथं पाठ बऱ्याचदा पुरती मागे जात नाही आणि टॉयलेटची रांग डोक्याशी उभी राहते. आपत्कालीन दरवाज्याजवळ पाय पसरायला जागा असते, पण गुडघे दुखणाऱ्याला ती सीट देत नाहीत. बाजू डावी घेतली, कारण विमान वायव्येला जातं आणि उजाडतं ते उजवीकडून.

जेवणाचं आईला आधीच पटवलं. केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा असतो, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही उंचावरचा. तिथं पोटातला वायू फुगतो. त्यामुळे निघायच्या दिवशी मिसळ नको, भज्यांना हात नको. विमानतळावरच घरचा दहीभात खाल्ला. विमान सुटल्यावर तासाभरात जेवणाचा ट्रे येतो आणि त्याची वाट बघण्यात झोपेचा पहिला भर निघून जातो. आम्ही बसल्याबसल्याच सांगून ठेवलं, "जेवणाला उठवू नका, नाश्त्याला उठवा." पट्टा पांघरुणाच्या वरून लावला, म्हणजे तो लावलाय का हे बघायला कुणी हलवत नाही.

मानेची उशी आईनं उलटी घातली, उघडी बाजू मागे. बसून झोपताना मान पुढे पडते, तेव्हा हनुवटीला आधार मिळतो. पायांखाली छोटी पिशवी ठेवली, कारण पाय लोंबकळले की सीटची कड मांडीखाली रुतते आणि पायाला मुंग्या येतात. हवा फार कोरडी असते, म्हणून पाण्याची बाटली हाताशी. पाणी प्यायल्यानं टॉयलेटला उठावं लागलं तरी बरंच, तेवढेच पाय मोकळे होतात.

मागे बसल्यावर धक्के जास्त जाणवतात, हे आईला आधी सांगून ठेवलेलं बरं. आणि ट्रे पुढून वाटत आणले तर मागे येईपर्यंत हवा तो पदार्थ संपतो. शाकाहारी असाल तर तसं जेवण आदल्या दिवसाच्या आधीच नोंदवा. ते बहुधा इतरांच्या आधी जागेवर आणून देतात.